‘नेहमी’ दिसलं की अपवाद शोधा

> लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत ‘नेहमी’, ‘कधीही’, ‘फक्त’ असलेला पर्याय चूकच असतो, असं समजून खोडू का?

डोळे झाकून नको. आधी त्या नियमाला अपवाद आहे का ते बघा. आमच्या भाचीचा सराव घेताना हेच विधान अडलं: ‘पुढच्या वाहनाला कधीही डावीकडून ओलांडू नये.’ तिने पटकन ‘बरोबर’ म्हटलं, कारण उजवीकडूनच ओलांडायचं हे तिने घोकलं होतं. मी तिला विजापूर रोडवरचा उसाचा ट्रॅक्टर आठवायला सांगितला. त्याने उजवीकडे वळायचा इशारा दिलाय आणि तो रस्त्याच्या मध्यावर आलाय. आता उजवीकडून गेलात तर थेट त्याच्या वळणात सापडाल. अशा वेळी डावीकडून जायला नियमातच मुभा आहे. एक अपवाद सापडला, ‘कधीही’ पडलं.

आता एकदिशा मार्ग घ्या. ‘तिथे रिव्हर्स गिअरमध्ये गाडी चालवू नये’ हा पर्याय तितकाच ठाम आहे, पण बरोबर उत्तर तेच. शेजारचे ‘पार्किंगला मनाई’ आणि ‘ओव्हरटेकला मनाई’ हे पर्याय चुकतात, कारण रस्ता एकदिशा आहे एवढ्यावरून ती बंधनं येत नाहीत.

ठाम शब्द नसलेल्या पर्यायातही सापळा असतो, हे माझं ठाम मत आहे.