मदत हवी आहे: थकबाकीत २५ हजारांचा फरक, शनिवार डोक्यावर

कार्यालयताई
विनाअनुदानित शाळेत फी विभाग बघते. दर शनिवारी संस्थेच्या सचिवांना आठवड्याची जमा आणि थकबाकी एका पानावर द्यायची असते. मागच्या शनिवारी थकबाकी ८,४२,५०० होती. या आठवड्यात जमा १,३६,०००. म्हणजे ७,०६,५०० उरायला हवी, पण वर्गवार याद्यांची बेरीज ७,३१,५०० येतेय. तीनदा केली. संध्याकाळपर्यंत द्यायचंय, लवकर सांगा.

दीपक_नाशिक
एक्सेल की सॉफ्टवेअर? जमा पावत्यांवरून घेता की बँकेवरून? मध्येच नवा हप्ता लागू झाला का?

कार्यालयताई
एक्सेल. पावत्यांवरून. हप्ता नाही लागला.

बंडूनाना
पावत्या सोडा, बँकेचं स्टेटमेंट काढा. तोच खरा आकडा.

जुनी_खातेवही
नाना, शनिवारी घेतलेला चेक बँकेत पुढच्या आठवड्यात दिसतो. बँक जुळवायचीच, पण वेगळी.

सूत्रधार
तारखेत वेळही असेल तर शनिवारच्या पावत्या गळतात. B मध्ये तारीख आणि E मध्ये रक्कम धरून, H1 मध्ये सोमवारची, H2 मध्ये शनिवारची तारीख टाका:

```
=SUMIFS(E:E,B:B,">="&H1,B:B,"<"&H2+1)
```

जुनी_खातेवही
सूत्र बरोबर आहे, पण पावत्या गळल्या असत्या तर जमा कमी दिसली असती आणि फरक उलट्या बाजूला गेला असता. इथे जमा जास्त धरली गेलीय. ताई, त्या १,३६,००० मध्ये व्हॅनचे पैसे आहेत का? आणि एखादा चेक परत आला का? चेक परत आला की त्या मुलाची थकबाकी पुन्हा चढते, पण तो जमेतून कोणी वजा करत नाही.

पालक_पुणे
आमच्या शाळेने फी राहिली म्हणून दाखला अडवलाय. तुम्हीही असंच करता का?

दीपक_नाशिक
आठवीपर्यंत दाखला द्यायला उशीर केला तर शिक्षण हक्क कायद्यानुसार मुख्याध्यापकांवर कारवाई होऊ शकते. पण त्यासाठी वेगळा धागा काढा हो.

कार्यालयताई
व्हॅनचे ९,००० निघाले, पावतीपुस्तक एकच आहे. मागच्या आठवड्यातला १२,००० चा चेकही बुधवारी परत आला होता. यादीत नाव चढवलं, जमा तशीच ठेवली. अजून ४,००० राहतात.

बंडूनाना
किरकोळ म्हणून टाका.

जुनी_खातेवही
अजिबात नको, पुढच्या शनिवारी तेच पुन्हा छळतील. कोणी पुढच्या हप्त्याचे पैसे आधीच भरलेत का? त्या मुलाची बाकी यादीत उणे दिसायला हवी. तुमच्याकडे उणे दिसते की शून्य?

कार्यालयताई
शून्य. आधीच्या ताईंनी सूत्रच तसं लावून ठेवलंय. थांबा, पाचवी ब पासून एकेक नाव बघते.

सूत्रधार
MAX(0, असं काही असेल तर ते काढा आणि बेरीज पुन्हा बघा.