मदत हवी आहे: डिलिव्हरीच्या वेळी किती शेल्फ लाइफ शिल्लक असेल, याचं उत्तर ग्राहकाला कसं लिहावं?

नमस्कार मंडळी. आम्ही पॅकबंद खाद्यपदार्थ घाऊक पुरवतो. एका मोठ्या ग्राहकाने विचारलंय, "माल आमच्या गोदामात पोहोचेल तेव्हा किमान किती मुदत शिल्लक असेल? दोन-तृतीयांशपेक्षा कमी असेल तर आम्ही घेणार नाही."

मालाची एकूण मुदत 180 दिवस आहे. म्हणजे पोहोचताना 120 दिवस उरायला हवेत, आणि उत्पादनापासून जास्तीत जास्त 60 दिवस गेलेले चालतील. ताज्या बॅचला अडचण नाही. पण गोदामातली एक बॅच आज 52 दिवसांची आहे आणि वाहतुकीला 12 दिवस लागतात. पोहोचेपर्यंत 64 दिवस होतील, उरतील 116. पाठवताना नियमात बसणारा माल त्यांच्या दारात नाकारला जाईल, आणि परत येईपर्यंत आणखी 12 दिवस जातील! म्हणून मोजणी पोहोचण्याच्या तारखेपासूनच होईल, असं उत्तरात स्पष्ट लिहावं असं मला वाटतं.

अडलंय ते पुढे. मर्यादा टक्क्यांत द्यावी की प्रत्येक मालासाठी दिवसांत? 10 दिवस टिकणाऱ्या मालाचे दोन-तृतीयांश म्हणजे पावणेसात दिवसांच्या जवळपास. तिथे 6 धरायचे की 7, यावरूनच वाद होतील. उत्पादनाचा दिवस मोजायचा की नाही, हाही प्रश्न आहेच.

आणि पोहोचताना 116 दिवस उरणाऱ्या त्या बॅचसाठी आधी लेखी संमती मागावी, की ती कमी मर्यादा असलेल्या दुसऱ्या ग्राहकाकडे वळवावी? अशा पत्रातली तुमची वाक्यरचना कळली तर फार मदत होईल.