मी आधी सांगितलं, आणि तो गप्प झाला. भ्यायला की वेळ घेतोय?

संत्राबर्फी
मी 27 वर्षांची, तो 29 चा. चौदा महिने सोबत आहोत. 9 फेब्रुवारीला फुटाळ्यावर मीच आधी सांगितलं की माझं तुझ्यावर प्रेम आहे. तो म्हणाला, "ऐकून छान वाटलं, पण मला थोडा वेळ दे." त्यानंतर तेवीस दिवस झाले, तो गप्प गप्पच आहे. आधी रोज रात्री दहाला फोन यायचा, आता आठवड्यातून तीनदा, तोही दहा मिनिटं. रविवारी मात्र भेटतो. ही बांधून घ्यायची भीती समजायची, की त्याचा स्वभावच सावकाश आहे?

बेसारोड
ताई, तो पोट्टा भेला हाय. मी माझ्या दोन मित्रांचं असंच पाहिलं. सगळं मोकळं असेपर्यंत बरं चालते, नातं पक्कं व्हायची वेळ आली की श्वास कोंडतो. मग फोन कमी, मग कामाचं निमित्त. माझं ऐका, दहा दिवस तुम्ही पण गप्प राहा. तो आपोआप धावत आला तर समजा, दडपण गेलं म्हणून आला. म्हणजे भीतीच होती.

महालची_दुर्गा
मुलीने आधी सांगण्यात चूक काय आहे? उगाच अपराधी वाटून घेऊ नकोस. आपल्याकडे अजूनही हे मुलाचं काम मानतात, म्हणूनच तो गोंधळला असेल.

संत्राबर्फी
ताई, मला अपराधी नाही वाटत. प्रश्न त्याच्या गप्पपणाचा आहे.

मिहान_नाइटशिफ्ट
तो गप्प मुलगा मी होतो, म्हणून लिहितोय. माझ्या बायकोने सांगितलं तेव्हा मी जवळजवळ दोन महिने काही बोललो नाही. भीती नव्हती. आमच्या घरात हे शब्द कोणी कधी उच्चारलेच नव्हते. ती बोलली ते खरं होतं, तेवढंच खरं माझ्याही तोंडून निघावं असं मला वाटायचं आणि शब्द सापडायचे नाहीत. ती दर तीन दिवसांनी विचारायची, "ठरलं का काही?" आणि तिने विचारलं की मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचो. बेसारोड, त्या काळात ती दहा दिवस गप्प बसली असती, तर तिने मन बदललं असं समजून मी बाजूला झालो असतो.

गोकुळपेठची_काकू
मी बावीस वर्षं जोडप्यांचं समुपदेशन केलं, आता निवृत्त आहे. बेसारोड यांचं निरीक्षण अर्धं बरोबर आहे. जवळीक वाढली की मागे सरणारी माणसं असतात. 1987 मध्ये हेझन आणि शेव्हर या दोघांनी एका वर्तमानपत्रातून प्रश्नावली छापून मोठ्यांच्या प्रेमाचा अभ्यास केला, त्यात साधारण चौथाई लोकांनी स्वतःचं वर्णन असंच केलं होतं. पण सावकाश माणूसही सुरुवातीला मागेच सरतो. थॉमस आणि चेस यांनी न्यूयॉर्कमध्ये लहान मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यात सुमारे 15 टक्के मुलं अशी निघाली की नवीन काही समोर आलं की आधी मागे व्हायची आणि जबरदस्ती न करता तेच पुन्हापुन्हा समोर आलं की हळूहळू रुळायची. ती निरीक्षणं मुलांची होती, ती मोठ्यांना जशीच्या तशी लावता येत नाहीत. पण मी खोलीत बसून जे पाहिलं, ते याच्या जवळचं आहे.

म्हणून पहिल्या गप्पपणातून काहीच ओळखता येत नाही. तो दोघांचाही सारखाच दिसतो. पाहायचं ते हे की तीच जवळीक दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आली तेव्हा काय झालं. सावकाश माणूस प्रत्येक वेळी इंचभर पुढे असतो. घाबरलेला माणूस प्रत्येक चांगल्या संध्याकाळनंतर एक पाऊल मागे जातो, आणि बरेचदा तुमच्यात खोट काढायला लागतो. कालपर्यंत आवडणारं हसणं अचानक मोठं वाटायला लागतं. बाळा, 9 तारखेनंतरचं तीन गोष्टींबद्दल वेगवेगळं सांग. तो बोलतो किती, सोबत असतो कसा, आणि पुढच्या बेतांत तुला धरतो का?

संत्राबर्फी
बोलणं फार कमी झालंय. सोबत असताना पूर्वीसारखाच आहे. गेल्या रविवारी तर्री पोहे खायला गेलो, मला ताप होता तर घरापर्यंत सोडून औषध घेऊन आला. खोट काढणं अजिबात नाही. पुढचं म्हणाल तर मेमध्ये अमरावतीला त्याच्या मावसभावाचं लग्न आहे, "तूही चल" हे त्यानेच म्हटलं, सांगितल्यानंतर दोन आठवड्यांनी. पण जूनमध्ये चिखलदऱ्याला जाऊ म्हटलं तर "बघू".

गोकुळपेठची_काकू
तर मग माझा कल सावकाशपणाकडे जातो. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून गोड शब्द निघू शकतात, पण तो तुला घरच्या लग्नात सगळ्या नातेवाइकांसमोर उभं करणार नाही. इथे शब्द आटलेत आणि वागणं टिकलंय. "बघू" वरून मी काही ठरवणार नाही, आपल्याकडे अर्धी माणसं सगळ्यालाच बघू म्हणतात.

गप्प राहून परीक्षा घेऊ नकोस. तू लांब गेलीस की घाबरलेला मोकळा श्वास घेऊन जवळ येतो आणि सावकाश माणूसही काळजीने येतो. दोघेही आलेच, तर कळलं काय? त्यापेक्षा एकदाच सरळ विचार. "तू मला हो म्हण" असं नको. "तू गप्प झालास ते माझ्या बोलण्यामुळे की दुसरं काही आहे? आज उत्तर नको, पुढच्या रविवारी सांग." आणि मधे आठवण करू नकोस. सावकाश माणूस त्या दिवशी अर्धंमुर्धं का होईना, काहीतरी घेऊन येतो. घाबरलेल्याचा तो दिवस निघून जातो आणि विचारलं की तो चिडतो. एकदा दिवस चुकला म्हणून निकाल लावायचा नाही. नोकरीतलं टेन्शन, घरातलं आजारपण, मन खचलेलं असणं, यांनीही माणूस असाच गप्प होतो.

बेसारोड
काकू, गप्प राहायचं माझं मागे घेतो, मिहानवाल्या भाऊचं पटलं. पण अमरावतीच्या लग्नाचं नाही पटत. शंभर लोकांत मैत्रीण म्हणून नेणं सोपं असते. आईसमोर बसून नाव घेतो का, ते पाहा.

सदर_एकटी
मला वेगळंच खटकतंय. थांबायचं तिने, विचारायचं तिने, मधे आठवण करायची नाही तिने. 27 व्या वर्षी घरी स्थळं यायला लागतात, तेव्हा त्याच्या सावकाशपणाची किंमत तीच भरते. मी साडेतीन वर्षं एकासाठी थांबले. तो खरंच सावकाश होता, भित्रा नव्हता. तरी माझी वर्षं गेलीच.

गोकुळपेठची_काकू
हे खरं आहे आणि याला माझ्याकडे उत्तर नाही. तो का थांबलाय हे ओळखता येतं. तू किती थांबावंस, हे त्यातून निघत नाही.

संत्राबर्फी
काकू, तुम्ही सांगितलं तसं त्याला विचारलं होतं, उत्तराचा रविवार काल होता. तो आला, अंबाझरीला बसलो. म्हणाला, "माझं आहे तुझ्यावर, त्याच दिवशी कळलं होतं. पण आपली जात वेगळी, बाबांना सांगायचं कसं हे मी महिनाभर मनात लिहून खोडतोय." लग्नाला मेमध्ये नेणार, पण आधी आईला सांगून, असंही म्हणाला. आईला कधी सांगणार विचारलं तर होळीनंतर म्हणाला.

बेसारोड
पाहा, भीतीच निघाली. तुमची नाही, बापाची.

मिहान_नाइटशिफ्ट
भीती आहे, पण त्याने ती तिच्यासमोर मांडली. तारीखही दिली. मला दोन महिन्यांत एवढं जमलं नव्हतं.

सदर_एकटी
होळी झाली की इथे लिही.