मदत हवी आहे : स्पॅनिशमधील प्रेमाची दहा क्रियापदे आणि त्यांची साधी वाक्ये

मृण्मयी
माझा होणारा नवरा स्पॅनिश भाषक आहे आणि त्याला त्याच्या भाषेत चार ओळी लिहाव्यात अशी माझी इच्छा आहे. मी दहा क्रियापदे निवडली आहेत : गुस्तार (आवडणे), एन्कान्तार (फार आवडणे), केरेर (प्रेम असणे, हवे असणे), आमार (प्रेम करणे), एस्त्रान्यार (आठवण येणे), बेसार (चुंबन घेणे), आब्रासार (मिठी मारणे), पेन्सार (विचार करणे), एनामोरार्से (प्रेमात पडणे) आणि कासार्से (लग्न करणे). शब्द पाठ झाले, परंतु वाक्ये जुळत नाहीत. ‘मला तू आवडतोस’ यासाठी मी ‘यो गुस्तो तू’ असे लिहिले, ते योग्य आहे का?

दिगंत
ते योग्य नाही. गुंता बहुधा इंग्रजीतून विचार केल्यामुळे झाला आहे, कारण मराठीतून विचार केला तर गुस्तार अगदी सोपे आहे. ‘मला तू आवडतोस’ या वाक्यात क्रियापद ‘मला’प्रमाणे चालत नाही, ‘तू’प्रमाणे चालते, स्पॅनिशमध्येही नेमके तसेच घडते. ‘मे’ म्हणजे मला आणि ‘गुस्तास’ म्हणजे आवडतोस, म्हणून वाक्य झाले ‘मे गुस्तास’. उलट ‘ते गुस्तो’ म्हटले की अर्थ होतो ‘मी तुला आवडते’, त्यामुळे तो नुसता हसून ‘हो’ म्हणेल आणि तुमचे सांगणे मात्र राहून जाईल. एन्कान्तार याच वळणाने चालते : ‘मे एन्कान्तास’.

जाता जाता एक सावधगिरी : माणसाबद्दल ‘मे गुस्तास’ म्हटले की त्यात आकर्षण गृहीत धरले जाते. एखाद्या सहकाऱ्याचा स्वभाव आवडतो एवढेच सांगायचे असेल, तर ‘मे काएस ब्येन’ म्हणावे.

रानवारा
थोडक्यात, सगळीकडे मराठीप्रमाणे ‘मला’ने सुरुवात करावी आणि ‘मे’ किंवा ‘ते’ नेहमी क्रियापदाच्या आधी ठेवावे. शिवाय केरेर म्हणजे ‘हवे असणे’, त्यामुळे प्रेमासाठी ते वापरूच नये, केवळ आमार वापरावे.

दिगंत
रानवारा, शब्दक्रमाबाबत आपले म्हणणे बऱ्याच अंशी बरोबर आहे, पण ‘सगळीकडे मराठीप्रमाणे’ हे एस्त्रान्यारला लागू होत नाही. ‘मला तुझी आठवण येते’ या वाक्यावरून कोणी ‘मे एस्त्रान्यास’ लिहिले, तर त्याचा अर्थ ‘तुला माझी आठवण येते’ असा उलटा होतो. इथे आठवण काढणारी व्यक्ती कर्ता असते, म्हणून ‘ते एस्त्रान्यो’. केरेर, आमार, बेसार आणि आब्रासार हीदेखील याच रांगेत बसतात : ‘ते क्येरो’, ‘ते आमो’, ‘ते बेसो’, ‘ते आब्रासो’. नकारासाठी सर्वांत आधी ‘नो’ ठेवायचे : ‘नो ते एस्त्रान्यो’.

दोन क्रियापदे एकत्र आली, तर मात्र सर्वनाम मागेही जोडता येते. ‘ते क्येरो बेसार’ आणि ‘क्येरो बेसार्ते’ या दोन्हींचा अर्थ ‘मला तुझे चुंबन घ्यायचे आहे’ असाच होतो. ‘ते क्येरो’ हे जोडप्यांचे नेहमीचे वाक्य आहे आणि आईवडील व मित्रही ते एकमेकांना म्हणतात, त्यामुळे ते वगळले तर रोजच्या बोलण्यातले मुख्य वाक्यच हातचे जाईल.

शब्दवेडी
मी फ्रेंच शिकते. तिथे ‘तू म मांक’ म्हणजे ‘मला तुझी उणीव भासते’, आणि त्यात कर्ता ‘तू’ असतो. म्हणजे स्पॅनिशमध्येही तसेच असायला हवे ना?

दिगंत
नाही, फ्रेंचचे ते क्रियापद मराठीच्या जवळ जाते, एस्त्रान्यार जात नाही. एक भर घालतो : स्पेनमध्ये त्याऐवजी ‘ते एचो दे मेनोस’ अधिक ऐकू येते, तर ‘ते एस्त्रान्यो’ लॅटिन अमेरिकेत रूढ आहे. त्यामुळे आपला नवरा कुठला आहे, हे पाहून निवड करावी.

मृण्मयी
तो मेक्सिकोचा आहे, म्हणून ‘ते एस्त्रान्यो’ ठेवते. या ओळी तपासाल का? ‘ते एस्त्रान्यो. प्येन्सो एन ते. मे एनामोरे दे ते. क्येरो कासार्मे कोन ते.’

दिगंत
पहिली ओळ बरोबर आहे. पुढच्या तिन्ही ओळींत शब्दयोगी अव्ययानंतर ‘ते’ चालत नाही, तिथे ‘ती’ लागते : ‘प्येन्सो एन ती’ (मी तुझा विचार करते), ‘मे एनामोरे दे ती’ (मी तुझ्या प्रेमात पडले). मराठीतले ‘चा’, ‘त’ आणि ‘शी’ यांच्या जागी अनुक्रमे ‘एन’, ‘दे’ आणि ‘कोन’ येतात. त्यांची संगती लावत बसण्यापेक्षा क्रियापदासोबत पाठ केलेलेच बरे. ‘कोन’ आणि ‘ती’ एकत्र आले की ‘कोन्तीगो’ होते, म्हणून शेवटची ओळ ‘क्येरो कासार्मे कोन्तीगो’. ‘कासार्मे’मधला ‘मे’ आपण अचूक लावला आहे, अनेकांचा तोच राहून जातो.

रानवारा
तरीही शेवटी ‘ते आमो’ असावे, असे माझे मत आहे. लग्न ठरल्यावर ‘ते क्येरो’ फिके वाटते.

दिगंत
मेक्सिकोच्या बाबतीत आपल्या म्हणण्यात तथ्य आहे. तिथे जोडपी ‘ते आमो’ सर्रास म्हणतात. स्पेनमध्ये मात्र ते अनेकांना नाटकी वाटते. तो स्वतः मृण्मयींना यांपैकी काय म्हणतो?

मृण्मयी
आतापर्यंत ‘ते क्येरो मूचो’ एवढेच.

रानवारा
मग पहिल्यांदा ‘ते आमो’ आपणच लिहावे.

दिगंत
मी ‘ते क्येरो मूचो’च परत लिहीन.