मदत हवी आहे: मार्चचा विक्री अहवाल पाठवण्याआधी काय काय तपासू?

अथणीची_लेखनिक: नमस्कार. अथणीतल्या एका कोल्हापुरी चपलांच्या व्यवसायाचे हिशेब मी बघते. माल दुकानातून जातो, तसा आमच्या वेबसाइटवरून अमेरिका-युरोपलाही जातो. मार्च 2025 चा अहवाल मालकांना आणि सीएंना द्यायचाय. वेबसाइटची सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली तर बेरीज बँकेपेक्षा बरीच जास्त येते. 1187 नंबरची ऑर्डर दोनदा दिसते, 14 मार्च गायबच आहे आणि 31 मार्चच्या काही ऑर्डरी कुरिअरच्या वहीत एप्रिलमध्ये आहेत. कुठनं सुरुवात करू?

उद्यमबागवाला: ताई, सोपं आहे की. ऑर्डर नंबरवर Remove Duplicates मारा आणि वेळेत साडेपाच तास मिळवा. 14 तारखेला धुळवड होती, सोडून द्या ती.

डेटा_टिळकवाडी: थांबा, Remove Duplicates आत्ताच मारू नका. 1187 मध्ये किती जोड होते?

अथणीची_लेखनिक: दोन. एक 7 नंबरचा 60 डॉलरला, एक 9 नंबरचा 70 ला. दोन्ही ओळींत एकूण 130 लिहिलंय.

डेटा_टिळकवाडी: मग ती डबल नोंद नाहीच. फाईलमध्ये दर वस्तूला एक ओळ आहे आणि ऑर्डरची एकूण रक्कम प्रत्येक ओळीत पुन्हा छापलीय. तो रकाना बेरजेला घेतला की 130 चे 260 होतात. उलट नंबरवरून ओळ उडवली तर रक्कम बरोबर येईल, पण 9 नंबरचा जोड साठ्याच्या हिशेबातून जाईल. वस्तूच्या किमतीचा रकाना घ्या, 60 आणि 70. खरी डबल ओळ शोधायची तर ऑर्डर नंबर आणि वस्तूचा आयडी, दोन्ही जुळायला हवेत. दोन फाईली जोडताना तारखा एकमेकींवर आल्या की अशा ओळी सापडतात.

आता वेळ. रकान्यात नेमकं काय लिहिलंय?

अथणीची_लेखनिक: 2025-03-31T19:10:00Z असं.

डेटा_टिळकवाडी: शेवटचा Z म्हणजे यूटीसी, जागतिक प्रमाणवेळ. इथं उद्यमबागवाल्यांचे साडेपाच तास बरोबर आहेत. ही ऑर्डर आपल्याकडं 1 एप्रिलच्या रात्री 12:40 ला आली, म्हणजे पुढच्या आर्थिक वर्षात. एक्सेल हा मजकूर तारीख म्हणून घेत नसेल तर:

```
=DATEVALUE(LEFT(A2,10))+TIMEVALUE(MID(A2,12,8))+TIME(5,30,0)
```

पण फाईल 1 ते 31 मार्च अशी उतरवली असेल तर दुसऱ्या टोकाला भोक पडतं. 28 फेब्रुवारीच्या 18:30 यूटीसीनंतरच्या ऑर्डरी आपल्या 1 मार्चच्या, आणि त्या फाईलमध्ये नाहीतच. दोन्ही बाजूंनी एकेक दिवस जादा उतरवा, वेळ बदला, मग कापा. एखादी ऑर्डर गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सअॅपच्या वेळेशी ताडून बघा.

उद्यमबागवाला: म्हणजे सगळीकडं साडेपाच चालतंय की!

डेटा_टिळकवाडी: वेळ यूटीसीत असली तरच. पोर्टल लॉस एंजेलिसच्या वेळेवर असेल तर 9 मार्च 2025 ला तिथलं घड्याळ तासभर पुढं गेलं. त्याआधी साडेतेरा तास मिळवायचे, नंतर साडेबारा.

निपाणीकर: आमच्याकडं तर एकच गिऱ्हाईक Belgaum, Belagavi आणि कन्नडमध्ये ಬೆಳಗಾವಿ असं तीन गावांत राहतंय! मोबाईल नंबरवर जुळवायलो तेव्हा कुठं निस्तरलं. ताई, तुमचंही तेच असणार.

अथणीची_लेखनिक: नाही दादा, नावं ठीक आहेत आमची. 14 तारखेचं काय करू?

डेटा_टिळकवाडी: धुळवड आपल्याकडं होती, शिकागोतल्या गिऱ्हाइकाला तिचं काय? पिव्होटमध्ये ऑर्डर नसलेला दिवस दिसतच नाही. म्हणून D रकान्यात 31 तारखा स्वतः लिहा आणि शेजारी, B मध्ये भारतीय वेळ धरून, हे टाका:

```
=COUNTIFS(B:B,">="&D2,B:B,"<"&D2+1)
```

शून्य आलं की पेमेंटची यादी बघा. त्या दिवशी गिऱ्हाइकांनी पैसे भरलेले दिसले तर ऑर्डरी होत्या, फाईल अपुरी आहे. तिथंही शून्य असेल तर शून्यच लिहा, ओळ गाळू नका.

अथणीची_लेखनिक: पेमेंटच्या यादीत 14 ला चार नोंदी आहेत! तेवढी फाईल परत उतरवते. आणि चलन? रकमेपुढं चिन्हच नाही. 65, 60, 2400 असे नुसते आकडे.

डेटा_टिळकवाडी: चलनाचा रकाना वेगळा असतो, तो उतरवताना वगळला असेल. तो आल्याशिवाय बेरीज करू नका. डॉलर, युरो, रुपये तिन्ही वेगळे मांडा, मग रुपयांत आणा. बँकेत आलेली रक्कम म्हणजे विक्री नव्हे, तिच्यातून शुल्क कापलेलं असतं.

सीए_खानापूर: दराबद्दल एवढंच. निर्यात मालाच्या जीएसटीला सीमाशुल्काचा अधिसूचित दर लागतो, बँकेत पैसे दुसऱ्या दराने येतात. फरक विक्रीत घुसडू नका, विनिमय नफा-तोट्यात दाखवा. मालकांच्या अहवालाला कोणताही एक दर चालेल, पण तो वर लिहा.

अथणीची_लेखनिक: आणि मार्चची ऑर्डर एप्रिलमध्ये परत आली तर? कुठल्या महिन्यातनं वजा?

उद्यमबागवाला: मार्चमधनंच, माल मार्चचाच की.

डेटा_टिळकवाडी: मग पाठवलेला अहवाल रोज बदलत राहील. मी परतीच्या महिन्यात धरतो.

सीए_खानापूर: वर्षअखेर आहे, सरसकट सांगता येणार नाही. यादी वेगळी काढून पाठवा, बघू.