मदत हवी आहे: साबणाच्या पडद्यावरचा काळा पट्टा दिसण्याआधीच पडदा फुटतो

नमस्कार मंडळी. सोलापुरात बारावीच्या मुलांना तारेच्या कड्यातला उभा साबणाचा पडदा दाखवायचा आहे. पुढच्या पृष्ठभागावरून परावर्तित प्रकाशाची कला π ने बदलते, मागच्यावरून बदलत नाही. म्हणून लंब प्रकाशात तेजस्वी रंगाची अट 2nt = (m + ½)λ. जाडी 300 नॅनोमीटर आणि n = 1.33 घेतलं तर 2nt = 798; m = 1 ला 532, म्हणजे हिरवा. वरचा भाग अगदी पातळ झाला की पथांतर जवळपास शून्य, उरतो फक्त कलाबदल, म्हणून तिथे काळं दिसायला हवं. मुलांना खरं पटतं ते हेच! पण इथल्या कोरड्या उन्हाळ्यात पडदा त्याआधीच फुटतो. ग्लिसरीन किती घालावं? जास्त झालं तर पाणी खाली निथळायला वेळ लागेल ना? कुणी करून पाहिलंय का?