रविवारच्या सुरमईचं काय झालं? (सोसायटी ग्रुप, रत्नागिरी)

अण्णा, बी-१०२: सर्वांना नमस्कार. विषय कोणाला आवडणार नाही, तरी लिहितो. गेल्या रविवारी ६ किलो सुरमई आणली होती, मिरकरवाड्यावरून, पहाटे स्वतः जाऊन. पानात काय आलं? रस्सा आणि काटे. माझ्या नातवाला अख्खी तुकडी मिळाली नाही. येत्या रविवारी पुन्हा जेवण आहे म्हणून आत्ताच सांगतो, मासे सगळ्यात शेवटी टाकायचे असतात.

खजिनदार: सुरमईचा हिशोब ग्रुपवर टाकला आहे. ज्यांची वर्गणी बाकी आहे त्यांनी आज द्यावी.

वहिनी, सी-३०३: अण्णा, आमटी मी केली होती. मासे शेवटीच टाकले होते. आधी वाटप उकळलं, मग आमसुलं, मग तुकड्या. आमच्या घरी तीस वर्षं हेच चाललं आहे.

अण्णा, बी-१०२: वहिनी, तुमच्यावर रोख नाही. पण शेवटी टाकले असते तर मोडले नसते. एवढंच.

बंटी, ए-३०१: मला तर काटे पण छान लागले 😋

काकू, ए-२०४: आम्ही शाकाहारी. पाण्याची मोटर कालपासून आवाज करते आहे, त्याकडे कोणी बघेल का?

ताई, बी-३०२: मला वाटतं आमसुलांमुळे झालं. आमच्या अलिबागकडे चिंच घालतात. चिंचेने रस्सा दाट होतो आणि तुकडी धरून राहते.

माई, ए-१०१: अगो बाय, आंबटाने मासा मोडत नाही, उलट घट्ट होतो. लिंबू लावून ठेवलेली तुकडी बघ ना, बाहेरून पांढरी पडते. ते काम चिंचही करते, कोकमही करतं. फरक आहे तो घालायच्या वेळेचा. चिंचेचा कोळ वाटपाबरोबर चांगला उकळावा लागतो, नाहीतर रश्शाला कच्चा वास राहतो. आमसुलं फार उकळलीस तर रस्सा तुरट होतो, म्हणून ती माशाच्या जरा आधी घालायची. सुरमईला माझ्या मते आमसूलच बरं, खोबऱ्याचा गोडवा झाकला जात नाही.

ताई, बी-३०२: ते तुमच्या मालवणचं झालं माई. आमच्याकडे चिंचेशिवाय कालवण म्हणत नाहीत.

बंटी, ए-३०१: मालवण १, अलिबाग ०

ताई, बी-३०२: बंटी, तू आधी आमचा टोप परत कर. गणपतीपासून तुमच्याकडे आहे.

अण्णा, बी-१०२: विषय भरकटतो आहे. मासे सगळ्यात शेवटी टाकायचे.

माई, ए-१०१: अण्णा, ते झालं. वहिनी, तू मला एक सांग. वाटप कसं होतं? खरबरीत राहिलं होतं का?

वहिनी, सी-३०३: नाही माई. ६ नारळ खवले, भिजवलेल्या ब्याडगी मिरच्या, धणे, हळद, कांदा, लसूण. मिक्सरला तीनतीनदा फिरवलं. बोटांत चोळून बघितलं, रवा लागत नव्हता. मग पाणी घालून उकळायला ठेवलं, कच्चा वास जाईपर्यंत. आमसुलं आणि मीठ घातलं आणि मगच ८० तुकड्या सोडल्या. सव्वाअकरा झाले होते. दहा मिनिटांत गॅस बंद केला. तेव्हा एकही तुकडी मोडली नव्हती, मी झाऱ्याने उचलून बघितली होती. काट्याजवळचं मास पांढरं झालं होतं.

माई, ए-१०१: मग जेवण कधी वाढलं?

वहिनी, सी-३०३: दीड वाजता. पार्किंगचा विषय लांबला ना मीटिंगमध्ये.

खजिनदार: पार्किंगचा विषय मी लांबवला नव्हता, हे इथे नमूद करतो.

सेक्रेटरी: कृपया पार्किंग इथे नको. तो विषय ठरावात आहे.

माई, ए-१०१: झाकण होतं टोपावर?

वहिनी, सी-३०३: हो, घट्ट. माशा बसू नयेत म्हणून.

माई, ए-१०१: इथेच घोटाळा झाला. ऐका. घरी आपण अर्धा किलो मासा करतो, टोप लहान. गॅस बंद केला की दहा मिनिटांत उकळी शमते, अर्ध्या तासात आमटी कोमट होते. म्हणून घरी शेवटी टाकलेला मासा शाबूत राहतो. मोठा टोप भरून आमटी असली की झाकणाखाली तास दीड तास ती हात लावू देत नाही. गॅस बंद, पण मासा आत शिजतोच आहे. माशाच्या मासाचे पापुद्रे असतात, ते एका पातळ पडद्याने चिकटलेले असतात. उष्णतेने तो पडदा विरघळतो आणि पापुद्रे सुटे होतात. मटणाला तासभर लागतो, माशाला काही मिनिटं पुरतात. वहिनी, तू सव्वाअकराला टाकलास तो मासा दीड वाजेपर्यंत शिजत होता. त्यात ८० तुकड्या एकावर एक, खालच्यांवर वरच्यांचा भार.

वहिनी, सी-३०३: म्हणजे माझं चुकलंच.

माई, ए-१०१: तुझं काही चुकलं नाही गो. घरची पद्धत तशीच्या तशी मोठ्या टोपात नेली, एवढंच.

अण्णा, बी-१०२: पण मूळ मुद्दा तोच. मासे सगळ्यात शेवटी टाकायचे.

ताई, बी-३०२: अण्णा, हे चौथ्यांदा झालं. मला दुसरं विचारायचं आहे. मी एकच्या सुमारास खाली आले तेव्हा टोपाखाली गॅस पेटलेला होता आणि आमटी खदखदत होती. कोणी लावला होता?

वहिनी, सी-३०३: मी नाही. मी वर भात आणायला गेले होते.

काकू, ए-२०४: मोटर 🙏

सेक्रेटरी: काकू, प्लंबर उद्या सकाळी येतो आहे.

बंटी, ए-३०१: सीसीटीव्ही बघूया का? 😄

खजिनदार: सीसीटीव्हीचं फुटेज अशा कारणासाठी काढता येत नाही.

अण्णा, बी-१०२: गॅस मी लावला. लोकांना जेवण थंड मिळू नये म्हणून. खाली लागू नये म्हणून पळीने दोनदा ढवळलं. मला वाटलं मदत होते आहे.

ताई, बी-३०२: 🙏

वहिनी, सी-३०३: अण्णा, तुम्ही तिथे होतात आणि गेले दोन दिवस मी रडते आहे घरी.

अण्णा, बी-१०२: वहिनी, माफ करा. खरंच लक्षात आलं नाही. पहाटे चारला उठून मासा आणला, त्याचं असं झालं म्हणून चिडलो होतो.

माई, ए-१०१: झालं ते झालं. शिजलेल्या माशात पळी घालायची नाही, एवढं सगळ्यांनी ध्यानात ठेवा. हलवायचंच असेल तर टोपाचे कान फडक्याने धरून गोल फिरवायचा, रस्साच तुकड्यांवरून जातो. मोठा टोप फिरवता येत नाही, म्हणून त्यात मासा घालूच नये. आणि गरम करायचं तर तुकड्या आधी झाऱ्याने काढून ताटात ठेवायच्या, रस्सा उकळायचा, मग त्या परत सोडायच्या.

ताई, बी-३०२: मग रविवारी ४० माणसांचं करायचं कसं?

माई, ए-१०१: मोठ्या टोपात फक्त रस्सा. वाटप, मीठ, सगळं सकाळी आटोपून ठेवायचं. तो दोन तास तसाच राहिला तरी बिघडत नाही. आमसुलं तेवढी मागे ठेवायची. पाटं मांडली की रस्सा पुन्हा उकळायचा, आमसुलं घालायची, आणि दोन पसरट लंगड्यांमध्ये रस्सा घ्यायचा, तुकडी जेमतेम बुडेल इतका. त्यात एका थरात वीस वीस तुकड्या. रस्सा उकळता असतानाच सोडायच्या, मग आच मंद. बोटभर जाड तुकडी पाच सहा मिनिटांत होते. टोकाने काट्याजवळ हलकेच उघडून बघायचं. मास दुधासारखं पांढरं झालं आणि काट्यापासून सुटायला लागलं की बस, लगेच उतरायचं. थोडी कसर राहिली तरी चालेल, पानात जाईपर्यंत होते. पहिल्या चाळीस वाढेपर्यंत दुसऱ्या चाळीस होतात.

खजिनदार: दोन लंगड्या भाड्याने घ्याव्या लागतील का? खर्च मंजूर करून घ्यावा.

वहिनी, सी-३०३: एक माझ्याकडे आहे.

बंटी, ए-३०१: आमच्याकडे दुसरी आहे. टोप पण आणतो ताई, खरंच विसरलो होतो.

माई, ए-१०१: आणि वाढायचं पळीने नाही. आधी उलथन्याने तुकडी ताटात, मग वरून रस्सा. अजून एक, तुकड्यांना मीठ हळद लावून अर्धा तास ठेवा. पाणी सुटतं ते टाकून द्यायचं, मास जरा घट्ट होतं. फक्त मग रश्शाचं मीठ बेतानं. आमसुलांना मीठ असतंच, आगळ वापरलं तर आणखी जपून.

ताई, बी-३०२: माई, बोंबील आणले तर?

माई, ए-१०१: ४० माणसांना बोंबील नको. त्यात पाणीच फार. रस्सा उकळला की आत टाकायचे, दोन मिनिटांत बंद, लगेच पानात. पंगतीला ते जमणार नाही. बांगडा चालेल, पण त्याची कातडी फाटते, आणि त्याला तिरफळं हवीत. सुरमईच बरी.

ताई, बी-३०२: सुरमईला पण तिरफळं घाला ना. वास छान येतो.

माई, ए-१०१: नको. बांगड्याच्या तेलकट वासाला ती लागतात, सुरमईचा स्वतःचा स्वाद त्यात दबतो. तुला फारच हवी असतील तर चार ठेचून, काळ्या बिया काढून घाल. एका लंगडीत.

वहिनी, सी-३०३: एका लंगडीत तिरफळं, एकीत नाही. आणि ताईसाठी एका वाटीत चिंचेचा कोळ घालून वेगळा रस्सा उकळते. ज्याला हवा त्याने घ्यावा.

ताई, बी-३०२: वहिनी, कोळ मी करून आणते. तुम्हाला आधीच पुष्कळ काम आहे.

अण्णा, बी-१०२: मासा मीच आणतो पहाटे. तुकड्या बोटभर जाड कापून घेऊ ना? पातळ केल्या की लवकर मोडतात असं वाटतं. आणि मी टोपाजवळ येणार नाही.

माई, ए-१०१: बोटभरच घ्या. आणि या की टोपाजवळ. घड्याळ धरून उभं राहायला माणूस लागेल, पाच मिनिटं झाली की आवाज द्या.

काकू, ए-२०४: आमच्यासाठी सोलकढी वेगळी ठेवाल ना? मागच्या वेळी तोच डाव बुडवला होता.

वहिनी, सी-३०३: काकू, तुमची सोलकढी सकाळीच, मासा घरात यायच्या आधी करून देते.

सेक्रेटरी: रविवारची मीटिंग साडेदहा ते बारा. पार्किंग विषयपत्रिकेवर नाही. पहिली पंगत १२.३० ला बसेल. माईंच्या सूचनेनुसार सर्वजण बसल्याशिवाय मासे रश्शात पडणार नाहीत, तरी वेळेवर यावे.

खजिनदार: वर्गणी बाकी असलेल्यांची यादी पुन्हा टाकत आहे.